अमेरिकेहून येणाऱ्या मैत्रिणीला: इथलं सिम कुठलं घ्यायचं आणि बॅगेत कोणती कागदपत्रं ठेवायची

अगं, तिकिटं काढलीस हे वाचून फार आनंद झाला. सिमचं विचारलंस ते बरं केलंस, कारण ह्या गोष्टीची तयारी तिकडूनच करावी लागते. इथे आल्यावर धावपळ करून निम्मी कामं होत नाहीत.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. तू आणि तुझा नवरा दोघांनी एअरटेलचं प्रीपेड सिम घ्या. मुंबईच्या विमानतळावर रात्री घेऊ नका. पुण्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून घ्या. दोघांचं सिम आपापल्या पासपोर्टवर निघेल. दुकानात जाताना मामांना सोबत न्या, आणि त्यांचा फोन चार्ज केलेला असू दे. ह्यात कंपनीचं नाव सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. मामांचा फोन जास्त महत्त्वाचा आहे, तो का ते पुढे येईलच.

तुझ्या भावाचं ऐकू नकोस

तो दुबईहून येतो तेव्हा दहा मिनिटांत सिम घेऊन बाहेर पडतो, हे खरं आहे. पण त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि आधार कार्ड आहे. दुकानात अंगठा टेकवला की त्याची माहिती थेट आधारमधून येते आणि काम संपतं. तू आता अमेरिकन नागरिक आहेस, ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डवर येतेस. तुझा रस्ता वेगळा आहे.

तुझं जुनं आधार कार्ड आईच्या कपाटात असेल आणि कुणीतरी नक्की म्हणेल, "आहे ना आधार, मग कशाला पासपोर्ट?" ते बाहेर काढू नकोस. आधार इथे राहणाऱ्यांसाठी असतं. ओसीआयवाल्यांना ते मिळतं, पण आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिल्यावर. तू सहा आठवड्यांसाठी येते आहेस. परदेशी पासपोर्ट हातात असताना जुन्या भारतीय ओळखीवर सिम काढलंस तर नोंद चुकीची होते, आणि पुढे काही अडचण आली की निस्तरायला तू इथे नसशील.

दुसरा सल्ला मिळेल तो म्हणजे, "माझ्या नावावर एक जास्तीचं सिम आहे, तेच वापर." प्रेमाने दिलेलं असतं ते. पण त्या नंबरवरून जे काही होईल त्याची जबाबदारी ज्याच्या नावावर सिम त्याची. मावशीच्या नावावरचा नंबर तू टॅक्सीवाल्याला, हॉटेलला, दहा ॲपना देणार. त्यातून काही फसवणुकीची भानगड झाली तर चौकशी मावशीच्या दारात येते. दुकानदारच जर म्हणाला, "मॅडम, माझ्या आधारवर काढून देतो, पाच मिनिटांत चालू," तर सरळ बाहेर पड. 2023 च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याची ओळख वापरून किंवा फसवून सिम मिळवण्याला तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा पन्नास लाखांपर्यंतचा दंड आहे. सहा आठवड्यांच्या फोनसाठी हा धोका कुणी पत्करायचा?

निघण्याआधी: तुमचे फोन तपासा

हे काम अमेरिकेत असतानाच करायचं, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिली तपासणी लॉकची. फोन कंपनीकडून हप्त्यावर घेतला असेल तर तो बहुतेक वेळा त्या कंपनीला बांधलेला असतो. असा फोन इथलं कुठलंच सिम घेत नाही, आणि इथल्या दुकानात कुणी ते उघडून देऊ शकत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन General, मग About उघड आणि खाली Carrier Lock ही ओळ शोध. तिथे "No SIM restrictions" असं लिहिलेलं असेल तर फोन मोकळा आहे. दुसरं काही दिसलं तर तुमच्या कंपनीला फोन करून लॉक काढून घ्या. हप्ते बाकी असतील तर ते लगेच ऐकत नाहीत, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

दुसरी तपासणी सिमच्या खाचेची. अमेरिकेत विकलेल्या आयफोन 14 पासून पुढच्या फोनना सिमची खाच नाही, फक्त ई-सिम चालतं. तुझा फोन 15 आहे असं आठवतं, म्हणजे तुला इथलं प्लास्टिकचं कार्ड घालताच येणार नाही. नवऱ्याचा जुना आहे, त्याला खाच असेल. त्याचं काम सोपं आहे, तुझ्यासाठी थोडी जास्त तयारी लागेल.

खात्री करायची असेल तर फोनवर हे डायल कर:

```
*#06#
```

पडद्यावर आयएमईआय क्रमांक येतात. त्यातच EID अशी ओळ दिसली तर फोन ई-सिम घेतो. ह्या पडद्याचा फोटो काढून ठेव, दुकानात हे क्रमांक मागू शकतात.

तिकडून डेटाचं ई-सिम विकत घेण्याबद्दल विचारलंस. प्रवासी लोकांसाठी ॲपवर जी ई-सिमं मिळतात ती बहुतेक नुसत्या डेटाची असतात. नकाशा उघडतो, व्हॉट्सॲप चालतं, पण भारतीय नंबर मिळत नाही. आणि आपल्याकडे नंबराशिवाय फार अडतं. रिक्षाचं ॲप, जेवण मागवायचं ॲप, रेल्वेचं खातं, दवाखान्याची वेळ, मॉलमधलं वाय-फाय, सगळं ओटीपी मागतं. पहिल्या रात्रीपुरतं असं ई-सिम घ्यायचं असेल तर जरूर घे, पण विमानात बसायच्या आधी फोनमध्ये घालून ठेव. अशा काही कंपन्यांची ॲप आणि संकेतस्थळं सरकारने 2024 च्या सुरुवातीला भारतात बंद केली, त्यामुळे इथे उतरल्यावर ती उघडतील असं धरून चालू नकोस.

एअरटेलच का

पुण्या-मुंबईत जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया तिन्ही चालतात, आणि दरही एकमेकांच्या जवळपास आहेत. मी एअरटेल म्हणते ते बाहेरून आणलेल्या फोनमुळे.

जिओकडे जुनं टू-जी, थ्री-जी जाळं मुळातच नाही. तिथे साधा कॉलसुद्धा फोर-जीच्या डेटावरून जातो. त्यासाठी फोनमध्ये ती सोय असून भागत नाही, त्या कंपनीच्या जाळ्यासाठी ती चालू केलेली असावी लागते. आयफोनला अडचण येत नाही. पण तुझ्या नवऱ्याचा अँड्रॉइड फोन अमेरिकन कंपनीने आपल्या बाजारासाठी बनवून घेतलेला आहे. अशा फोनमध्ये कधी कधी इंटरनेट झकास चालतं आणि कॉल मात्र लागत नाही. माणूस दोन दिवस सिमला दोष देत बसतो, आणि दोष असतो फोनचा. एअरटेलकडे कॉलसाठी टू-जी अजून आहे, त्यामुळे काही जुळलं नाही तरी निदान बोलता येतं.

हे झालं शहरापुरतं. तुम्ही जानेवारीत कोकणात गावी चार दिवस जाणार आहात ना? तिथे कुठल्या फोनला रेंज येते ते तिथल्या घरच्यांनाच विचार. डोंगराआड एका वाडीत जिओ, पुढच्या वाडीत फक्त बीएसएनएल, असा प्रकार असतो, आणि कंपनीचा नकाशा हे सांगत नाही. घरच्यांनी जिओ सांगितलं तर नवऱ्याचं एअरटेल ठेवून तू जिओ घे. तुझा आयफोन आहे, तुला ते चालेल, आणि घरात दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन असले की एक तरी लागतो.

आणि काश्मीरचा बेत अजून कायम असेल तर हे आधीच लक्षात ठेव: बाहेरच्या राज्यात घेतलेलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. तेवढ्यासाठी परदेशी पासपोर्टवर पोस्टपेडच्या मागे लागू नका, तिथल्या हॉटेलच्या वाय-फायवर भागवा.

कागदपत्रं

आता मुख्य गोष्ट. 1 जानेवारी 2024 पासून सिमसाठी कागदी फॉर्मची पद्धत बंद झाली. दुकानदाराच्या मोबाइलवर कंपनीचं एक ॲप असतं, त्यातच सगळं भरलं जातं. ते ॲप तुझ्या मूळ कागदपत्रांचा फोटो तिथल्या तिथे काढतं. म्हणून फोनमध्ये साठवलेला पासपोर्टचा फोटो किंवा झेरॉक्स कामाची नाही, मूळ पासपोर्ट हातात हवा. लोक पासपोर्ट घरी तिजोरीत ठेवून झेरॉक्स घेऊन निघतात आणि अर्ध्या रस्त्यातून परत येतात.

तुझ्यासाठी: अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. पासपोर्ट नवा केला असशील तर ओसीआय कार्डावर जुन्याच पासपोर्टचा क्रमांक छापलेला असेल. त्यात गैर काही नाही, पण काउंटरवरचा मुलगा दोन क्रमांक जुळवत बसतो आणि शंका घेतो. म्हणून जुना, रद्द झालेला पासपोर्टही आण. त्याच्याशी क्रमांक जुळला की विषय मिटतो. एका कागदावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं असेल तर लग्नाच्या दाखल्याची प्रतही सोबत ठेव.

नवऱ्यासाठी: पासपोर्ट, ई-व्हिसा मंजूर झाल्याच्या पत्राची छापील प्रत, आणि उतरल्यावर पासपोर्टवर बसलेला शिक्का. शिक्क्याचं पान कुठलं ते विमानतळावरच बघून घ्या आणि त्यात चिठ्ठी घालून ठेवा. त्याचं सिम व्हिसाच्या मुदतीपलीकडे चालणार नाही, म्हणून ती तारीख दुकानदार बघतोच.

दोघांचे दोन-दोन पासपोर्ट आकाराचे फोटो असू देत. ॲप स्वतः फोटो काढतं, पण एखाद्या दुकानात अजून मागतात, आणि त्यासाठी स्टुडिओ शोधत हिंडणं नको.

पत्त्याचं मात्र नीट समजून घे. अमेरिकन पासपोर्टवर पत्ता छापलेला नसतो. आणि सिमसाठी इथला पत्ता लागतोच. हॉटेलात उतरणारे बुकिंगचा कागद दाखवतात. तुम्ही मामांकडे कोथरूडला राहणार, म्हणून मामांच्या आधार कार्डाची प्रत आणि महावितरणचं चालू महिन्याचं वीजबिल तयार ठेवायला त्यांना आत्ताच सांग. बिल मामींच्या नावावर असेल तर मामींचं आधार. पत्ता पिनकोडसकट एका कागदावर लिहून घ्या. सोसायटीचं नाव, इमारतीचा क्रमांक, फ्लॅट क्रमांक बिलावर जसा आहे तसाच.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याही पिशवीत मावत नाही: स्थानिक ओळखीचा माणूस. परदेशी नागरिकाला सिम देताना बहुतेक दुकानांत इथल्या एका माणसाचं नाव आणि चालू मोबाइल नंबर मागतात. त्या नंबरवर ओटीपी जातो, तो काउंटरवर सांगितला की अर्ज पुढे सरकतो. मामा घरी, फोन सायलेंटवर, आणि तुम्ही दुकानात ताटकळत, असं व्हायला नको. म्हणून मामांना सोबतच न्या. विमानतळावर रात्री अडीच वाजता हे शक्य नाही, आणि तिथे घेऊ नका म्हणते त्याचं हे अर्धं कारण आहे.

पहिली रात्र

उरलेलं अर्धं कारण असं. मुंबईच्या टी-टूवर सिमचे काउंटर आहेत आणि परदेशी पासपोर्टवर सिम देतातही. पण तिथे प्रवाशांसाठीचे महाग पॅक पुढे करतात, आणि सिम चालू व्हायला काही तास लागू शकतात. तेवढ्यात तुम्ही एक्स्प्रेस-वेवर लोणावळ्यापर्यंत पोचलेले असाल. सिम चालू झालंच नाही तर तक्रार घेऊन परत त्याच काउंटरवर कोण जाणार?

त्यापेक्षा पहिल्या रात्रीपुरतं अमेरिकन नंबरचं रोमिंग घ्या. एका दिवसाच्या पासचे दहा-बारा डॉलर पडतात, एकाच फोनवर घेतलात तरी पुरे. विमानतळाच्या फुकट वाय-फायवर विसंबू नका. तेही ओटीपी मागतं, आणि परदेशी नंबरवर तो येईलच असं नाही. नाही आला तर पासपोर्ट घेऊन मदत कक्षावर विचारा. गाडी मामांनी आधीच ठरवून ठेवली आहे. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल नंबर विमानात बसायच्या आधी कागदावर लिहून घे. मामांचा नंबरही. फोन बंद पडला तरी कुणाच्याही फोनवरून कॉल लावता आला पाहिजे.

दुकानात

सकाळी अकराच्या सुमाराला जा. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात नाही. तिथे आधारवर रोज सिम देतात, पण परदेशी पासपोर्टचा अर्ज त्यांनी कधी भरलेला नसतो, आणि ई-सिम तर नाहीच. कंपनीचं स्वतःचं मोठं दुकान गाठा. मामांनी आदल्या दिवशी तिथे फोन करून एवढंच विचारावं: "फॉरिनर केवायसी करता का, आणि ई-सिम देता का?" दोन्हीला हो म्हणाले तरच जा.

तिथे काय होतं ते सांगते, म्हणजे नवऱ्याला समजावता येईल. मुलगा ॲप उघडतो, पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा फोटो काढतो, मग व्हिसाचा किंवा ओसीआय कार्डाचा. पासपोर्टच्या चकचकीत पानावर ट्यूबलाइट चमकते आणि क्रमांकावर पांढरा डाग येतो. अर्ज परत येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. फोटो काढल्यावर पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि पासपोर्टचा क्रमांक व जन्मतारीख वाचता येते का ते स्वतः बघा. मग तुम्हाला पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून थेट फोटो काढतात, डोळे मिचकवायला सांगतात. चष्मा काढावा लागेल.

नंतर तो नाव टाइप करतो. इथे लक्ष दे. आपल्याकडे नाव, मधलं नाव, आडनाव अशी सवय असल्यामुळे परदेशी नावाची उलटापालट होते. पासपोर्टवर जसं आहे अक्षरशः तसंच हवं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव विचारतात, तुझ्या नवऱ्याने वडिलांचं सांगावं. जन्मतारीख इथे दिवस-महिना-वर्ष अशी लिहितात. तुमच्या सवयीने 04/09 सांगितलंत तर नऊ एप्रिलची चार सप्टेंबर होईल, म्हणून महिना शब्दात सांगा. मग पत्ता, मामांचं नाव, मामांच्या फोनवर ओटीपी, पडद्यावर सही. झालं.

पैसे देताना पॅक कुठला ते ठरवून जा. इथे बहुतेक पॅक महिन्याचे नसतात, 28 दिवसांचे असतात. रोज दीड-दोन जीबी डेटा आणि अमर्याद कॉल मिळणारा 28 दिवसांचा पॅक साधारण साडेतीनशे रुपयांपर्यंत जातो, 84 दिवसांचा साडेआठशे-नऊशेच्या घरात. तुम्ही 42 दिवस राहणार. म्हणजे 28 चा एक घेतलात तर शेवटचे चौदा दिवस उरतात आणि पुन्हा रिचार्ज लागतो. 56 दिवसांचा पॅक मिळाला तर तोच घ्या. रिचार्ज अमेरिकन कार्डावरून बऱ्याचदा होत नाही, आणि तेव्हा तुम्ही नेमके कोकणात असाल. दिवसाचा डेटा संपला तर नेट अगदी संथ होतं, रात्री बारानंतर पुन्हा पूर्ववत. त्यासाठी घाबरून दुसरा पॅक मारू नका.

तुझं ई-सिम

नवऱ्याचं कार्ड खाचेत घातलं की काम झालं. तुझ्यासाठी दुकानात आधीच सांग, "मला थेट ई-सिमच हवं." ते म्हणतील तुमच्या ईमेलवर क्यूआर कोड येईल. तो कोड ज्या फोनवर आला त्याच फोनने स्कॅन करणं अवघड जातं, म्हणून मामांच्या फोनवर तुझं ईमेल उघडायची तयारी ठेव, किंवा घरी लॅपटॉपवर उघड. स्कॅन करताना तुझ्या फोनला वाय-फाय हवं, कारण अजून इथलं नेट नसतं.

काही दुकानं आधी प्लास्टिकचं सिम देतात आणि मग ते ई-सिममध्ये बदलायला सांगतात. तसं झालं तर आधी ते कार्ड चालू झालं पाहिजे, आणि त्यासाठी ते कुठल्यातरी खाच असलेल्या फोनमध्ये घालावं लागेल. मामांचा जुना फोन किंवा नवऱ्याचा फोन त्यासाठी उपयोगी पडेल. एअरटेलमध्ये त्या सिमवरून 121 ला असा मेसेज पाठवायचा असतो, ईमेल मात्र तुझा घालून:

```
eSIM yourname@example.com
```

खात्री करायचा मेसेज येतो, त्याला सांगितल्याप्रमाणे लगेच उत्तर द्यायचं, मग संमती विचारणारा कॉल येतो, आणि त्यानंतर क्यूआर कोड. सिम असं बदललं की सुरक्षेसाठी 24 तास मेसेज बंद राहतात, येणारेही आणि जाणारेही. म्हणजे तेवढा वेळ ओटीपी येणार नाहीत. त्या दिवशी कुठल्याही ॲपवर नवीन खातं उघडायच्या भानगडीत पडू नकोस. दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होतं.

कोड एकदाच चालतो. पुढे काही बिघडलं तरी सेटिंग्जमधून ते ई-सिम काढून टाकू नकोस, नाहीतर पुन्हा दुकान, पुन्हा पासपोर्ट.

चालू झालं हे कसं ओळखायचं

वर कंपनीचं नाव आणि रेंजच्या दांड्या दिसल्या म्हणजे सिम चालू झालं असं नाही. मामांना कॉल लावून बघ, मग त्यांना तुला लावायला सांग, मग एक मेसेज दोन्ही बाजूंनी. हे तीनही झालं की चालू. दुकानदाराने "संध्याकाळपर्यंत होईल" म्हटलं तर थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच झालं नाही तर अर्ज परत आलेला असतो, आणि हे कंपनी तुम्हाला आपणहून नीट कळवत नाही. त्याच दुकानात जाऊन अर्ज का परत आला ते विचारा. बहुतेक वेळा फोटो पुसट किंवा नाव चुकलेलं असतं, पुन्हा भरून देतात.

कॉल लागतो पण नेट नाही, असं झालं तर फोनच्या मोबाइल डेटाच्या सेटिंग्जमध्ये एपीएन, म्हणजे नेटच्या जोडणीचं नाव, बघ. बाहेरच्या फोनमध्ये कधी कधी जुन्याच कंपनीचं नाव राहिलेलं असतं. एअरटेलसाठी `airtelgprs.com` आणि जिओसाठी `jionet`, बाकी रकाने रिकामे. मग फोन बंद करून चालू.

अमेरिकन नंबर बंद करू नकोस. तुमच्या बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. दोन्ही सिम चालू ठेव, डेटा इथल्या सिमवर, आणि अमेरिकन नंबरचं डेटा रोमिंग बंद. व्हॉट्सॲप नवीन नंबरवर न्यायचं का असं विचारेल, नाही म्हण. जुन्याच नंबरवर इथलं नेट वापरून ते चालतं.

गुगल पे मात्र नुसतं सिम घेतल्याने सुरू होत नाही. त्याला इथलं बँक खातं लागतं आणि त्या खात्याला जोडलेला नंबर. सहा आठवड्यांसाठी मामांकडून रोख घेऊन ठेवा आणि कार्ड वापरा.

आणि पहिल्याच दिवसापासून कर्जाचे, प्लॉटचे कॉल सुरू होतील. 1909 वर `START 0` असा मेसेज पाठव. काही दिवसांत बरेच कमी होतात. पोलीस किंवा कस्टम्स बोलतोय, तुमचं सिम दोन तासांत बंद होणार, असा कॉल आला तर तो फसवणुकीचाच समज आणि ठेवून दे. नवऱ्यालाही हे आधी सांगून ठेव, परक्या देशात माणूस अशाने लवकर घाबरतो.

परत जाताना

रिचार्ज संपल्यावर काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ज्या ज्या ॲपवर हा नंबर दिलास तिथून तो काढून टाक, विशेषतः तुझ्या इथल्या बँकेच्या एनआरओ खात्याला चुकून जोडला असशील तर. मामांना मात्र आत्ताच फोन कर. वीजबिल, आधारची प्रत आणि दुकानाला एक फोन, एवढ्या तीन गोष्टी त्यांच्याकडून हव्यात. बिल ऑनलाइन भरतात ते, त्यामुळे छापील प्रत काढून ठेवायला वेगळं सांगावं लागेल.